आरोळीपुरतं गाणं

आमच्या वाड्यातल्या पोरांना एक इंग्रजी गाणं पाठ होतं आणि त्यातला एकच शब्द येत होता. स्पायडरमॅन. बाकीचं गाणं आम्ही तोंडाला येईल ते म्हणून भरून काढायचो आणि नाव आलं की फुफ्फुसातला सगळा वारा त्यात ओतायचो. ज्यांचं लहानपण ऐंशीच्या दशकात दूरदर्शनसमोर गेलं, त्यांच्या कानात आत्ताच तो ठेका सुरू झाला असेल. त्यांना पुढचं फार सांगायला लागणार नाही. पण आमच्या घरात त्या गाण्याचं काय काय झालं, ते सांगायलाच हवं.

शनिवार पेठेतला वाडा. खाली मालक, वर आम्ही आणि जोशांच्या दोन खोल्या, मागे हौद. टीव्ही एकच, आमच्याकडे. लाकडी पेटीतला, पुढे सरकतं शटर असलेला, कृष्णधवल. शटरला कुलूप होतं आणि त्याची किल्ली आजीच्या कमरेला. टीव्हीच्या काचेवर निळसर प्लॅस्टिकची पट्टी लावलेली, डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून. बाजूला स्टॅबिलायझर, त्यावर क्रोशाचा रुमाल, रुमालावर फुलदाणी. अँटेना कौलांवर, तोंड सिंहगडाकडे, कारण पुण्यात चित्र यायचं ते सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून. माकडं किंवा वारा आला की तिचं तोंड फिरायचं आणि पडद्यावर मुंग्या. मग दादा कौलांवर, काका जिन्यात, आई खिडकीत, आम्ही टीव्हीसमोर, आणि निरोपांची साखळी: आलं का? नाही आलं. आता? थोडं आलं. आता? गेलं. पुन्हा मागे फिरव!

हे सगळं स्पायडरमॅनची कार्टून मालिका सुरू व्हायच्या आत उरकावं लागायचं, कारण खरी गंमत पहिल्या मिनिटात होती. गोष्ट अर्धी चुकली तरी चालायची. गाणं चुकलं तर आठवडा गेला. तेव्हा पुन्हा लावून बघायची सोय नव्हती. एकदा वाजलं की पुढच्या आठवड्यापर्यंत ते आमच्या तोंडातच सांभाळायचं.

आणि आम्ही ते सांभाळलं. नळावर रांगेत उभं राहून सांभाळलं, शाळेच्या वाटेवर दप्तर बडवत सांभाळलं, पाढे म्हणताना मनातल्या मनात सांभाळलं. बाराचा पाढा त्या ठेक्यात फार छान बसायचा. धाकटीला तो कायमचा पाठ झाला तो तसाच.

शब्द मात्र कोणालाच येत नव्हते. मराठी शाळेतली पोरं आम्ही, इंग्रजी पाचवीपासून. पडद्यावरची माणसं घाईघाईनं काय म्हणायची ते आम्हाला पोचत नव्हतं. त्यामुळे मधल्या ओळींसाठी प्रत्येक घराची आपापली बोली तयार झाली होती. जोशांचा मुलगा त्या जागी इंग्रजी वर्तमानपत्र वाचल्यासारखा आवाज काढायचा. आमचा दादा नुसती जीभ फिरवायचा. धाकटी तिथे मराठी घालायची, तिच्या मनात त्या दिवशी जे असेल ते: दही, भात, रिक्षा, मोरी. आणि मग आरोळी. आरोळीला सगळे एक. तिथे आवाज, सूर, शब्द, सगळं जुळायचं.

असं का व्हायचं, ते आत्यानं शोधून काढलं. आत्या गाणं शिकलेली. संध्याकाळी तिची पेटी निघायची तेव्हा आम्ही तिच्याभोवती बसून हे गाणं वाजव म्हणून मागे लागलो. तिनं आधी नाक मुरडलं, मग आम्ही गातो ते दोनदा ऐकलं आणि मग ती गंभीर झाली. गंधार कोमल आहे, म्हणाली, म्हणून त्याला जरा चोरपावलांचा रंग आहे. मग तिनं भाता ओढत ओळी लावून दाखवल्या. पहिली ओळ षड्जाच्या घरातच राहते. दुसरी मध्यमाच्या घरी जाऊन परत येते. तिसरी पंचमावरून निघते आणि षड्जावर उतरते. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या ब्लूज गाण्यांचा हा जुना साचा, हे आम्हाला पुष्कळ वर्षांनी समजलं. आत्याला त्याचं नाव ठाऊक नव्हतं, पण घरं तिनं बरोबर ओळखली होती.

आणि पुढचं तिनं सांगितलं ते आम्हाला त्या वयातही पटलं. बघा, म्हणाली, नाव कुठे ठेवलंय. गाणं उघडतं तेच नावानं, एकदा सूर चढवून आणि लगेच दुसऱ्यांदा उतरवून. म्हणजे हाक मारली आणि तिचा जबाब आला. मग मधे त्याच्या करामती सांगायच्या, त्या भराभर, कारण तिथे शब्द पुष्कळ आहेत. आणि तिसऱ्या ओळीत सगळं ओढून आणून समेवर काय टाकायचं? पुन्हा नाव. ज्याला मधलं काही येत नाही, त्यालाही सम सापडते. भजनात मागे बसलेल्या माणसाला ओव्या येत नसल्या तरी नामघोषाला तो चुकत नाही, ते असंच.

आजी हे ऐकत होती. तिला नामघोषाची उपमा मुळीच आवडली नाही. पण त्यानंतर ती गाणं लागलं की शटर उघडायला उशीर करेनाशी झाली, हे आम्ही लक्षात ठेवलं.

आत्यानं अंतराही शोधला होता. गाण्याच्या मधोमध एक जागा येते जिथे सगळं जरा उजळतं, सूर मोकळे होतात, रात्रीची, गुन्ह्याच्या जागी वेळेवर पोचण्याची गोष्ट सांगितली जाते. तिथे नाव एकदाही येत नाही. आमच्यासाठी ती जागा फार अवघड होती. धरायला काही नाही. तिथे आम्ही नुसते डोलायचो, एकमेकांकडे बघायचो आणि वाट बघायचो. आत्या म्हणायची, ती जागा मुद्दाम तशी ठेवलेली असणार. थांबायला लावल्याशिवाय हाकेला जोर येत नाही. सगळं मिळून मिनिटभराचं गाणं, त्यात सात-आठ वेळा ते नाव, आणि तरी ते कंटाळवाणं होत नाही याचं कारण त्या नाव नसलेल्या जागेत आहे असं मला आजही वाटतं.

हे गाणं कुणी केलं, याची तेव्हा आम्हाला चौकशी नव्हती. आकाशवाणीवर गायक, संगीतकार, गीतकार अशी नावं सांगतात तशी इथे कुणी सांगत नव्हतं. मोठेपणी शोध घेतला तेव्हा कळलं की ही मालिका १९६७ साली अमेरिकेत सुरू झाली होती आणि १९७० साली संपलीही होती. म्हणजे आमच्यापर्यंत ती पोचली तेव्हा तिकडची त्या वयाची पोरं लग्नाला आलेली. चाल बॉब हॅरिस यांची. शब्द पॉल फ्रान्सिस वेब्स्टर यांचे, आणि हे गृहस्थ साधेसुधे नव्हेत: सिनेमातल्या गाण्यांसाठी त्यांना तीनदा ऑस्कर मिळालेलं होतं. ज्या ओळींच्या जागी धाकटी दही-भात घालत होती, त्या ओळी तीन ऑस्करवाल्या माणसानं लिहिलेल्या होत्या. गाणारा कुणी एकटा प्रसिद्ध गायक नव्हताच. कॅनडातल्या टोरांटो शहरातल्या स्टुडिओत, तिथल्या गायकवृंदातल्या पुरुषांनी आणि बायकांनी मिळून ते म्हटलं होतं. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. ते गाणं पहिल्यापासून घोळक्याचंच होतं. एकट्यानं म्हटलं तर ते ओकंबोकं वाटतं, हे आम्हाला वाड्यात न सांगता ठाऊक होतं.

वेब्स्टर यांनी काय लिहिलंय तेही मग वाचलं. त्याच्या रक्तातला किरणोत्सार, त्याचं धाग्यावर झुलणं, पैशाकडे आणि नावलौकिकाकडे त्यानं फिरवलेली पाठ. यमकं अशी चटपटीत की एक ओळ संपायच्या आत दुसरी तयार. चांगलंच लिहिलंय. पण खरं सांगायचं तर, आमचं काही अडलं नव्हतं.

त्या गाण्यानं वाड्याची सवयही बदलली. करंगळी आणि तर्जनी ताठ, मधली दोन बोटं तळव्याशी दुमडलेली, अंगठा बाहेर: हा हात आमच्या घरात नमस्काराइतका रूढ झाला. कुणाला पाणी हवं असलं तरी असा हात पुढे करायचा. गच्चीच्या कठड्यावरून उतरायला बंदी होती, म्हणून जिन्याच्या कठड्यावर पोटावर घसरायचं. धुणं वाळत घालायची काठी ही उंच इमारत. हौदाचा काठ ही नदी. माळ्यावरची सुतळी सगळी संपली. दिवाळीच्या आधी आई लांब काठीला झाडू बांधून जळमटं काढायला निघाली, तेव्हा धाकटी दारात आडवी उभी राहिली. कोपऱ्यातलं एक जाळं ठेवायचंच, हा तह आजीनं करून दिला. ते जाळं त्या वर्षी लक्ष्मीपूजनापर्यंत राहिलं. मग आजीनंच पहाटे काढून टाकलं आणि कोळी परगावी गेला म्हणून सांगितलं.

आमचा टीव्ही कृष्णधवल, त्यामुळे स्पायडरमॅनचा पोशाख लाल-निळा आहे हे आम्हाला माहीत नव्हतं. आमच्या लेखी तो करड्यावर गडद करडा होता. जोशांच्या मुलाच्या मुंबईच्या मामानं एक रंगीत चिकटचित्र आणलं तेव्हा ते खोटं आहे असं सर्वानुमते ठरलं. त्या चित्रात आणखी एक फरक होता आणि तो दादानं पकडला. दादा चित्रं काढायचा. चित्रात जाळीच्या रेघा त्याच्या छातीवरही होत्या. टीव्हीवरच्याला मात्र जाळी फक्त तोंडावर, हातमोज्यांवर आणि बुटांवर. अंग कोरं. का?

याचं उत्तर फार साधं आहे. तेव्हा कार्टूनमधलं चित्र हातानं, एकेक करून काढायचे. माणूस हलला की त्याच्या अंगावरची प्रत्येक रेघ पुढच्या चित्रात नव्यानं ओढावी लागायची. छातीभर जाळी म्हणजे प्रत्येक चित्रात शेकडो रेघा जास्त. मालिका काढणाऱ्यांकडे पैसे बेताचेच होते. पहिला हंगाम काढणारी संस्था तर दिवाळखोरीत गेली आणि पुढचे भाग राल्फ बक्शी या तरुण चित्रकार-दिग्दर्शकाच्या हाती आले, तेही आणखी कमी पैशांत. म्हणून छातीवरच्या रेघा गेल्या. म्हणून इमारतींमधून झोके घेण्याची तीच ती चित्रं पुन्हा पुन्हा वापरली गेली. दादानं हेही तेव्हाच ओळखलं होतं: तो त्याच दिशेनं, त्याच इमारतीवरून, तोच पाय दुमडून येतो. पुढे पुढे तर जुन्या भागांचे तुकडे जोडून नवे भाग केले गेले, आणि काही ठिकाणी भलत्याच एका मालिकेतली, रॉबिन हूडची, दृश्यं घेऊन त्यात याला बसवला. आमच्या घरात जुन्या लुगड्यांची गोधडी व्हायची, तशी ती मालिका होती. गोधडीत वावरलेल्या पोरांना त्यात वावगं काय दिसणार? आईचं हिरवं लुगडं गोधडीत सापडलं की आनंदच व्हायचा, तसाच तो जुना झोका पुन्हा दिसला की आम्ही ओरडायचो, आला!

गाणं मात्र कुठे काटकसरीचं नव्हतं. पितळी वाद्यं, तालवाद्यं, भरपूर माणसं. चित्रात जे कमी होतं ते आवाजात भरून निघालं होतं. चित्र मुंग्यांनी भरलेलं असलं तरी गाणं ऐकू यायचं, आणि गाणं ऐकू आलं की चित्र आम्हाला दिसायचंच.

पुढे काकांना वाटलं की या पोरांना गाणं धरून ठेवून द्यावं. काका हौशी. घरातले रेडिओ, इस्त्र्या, मिक्सर तेच उघडायचे. त्यांच्याकडे एक आडवा टेपरेकॉर्डर होता, पुढे पियानोसारखी बटणं असलेला. त्यांनी एक कॅसेट काढली, जुन्या भाषणांची. तिच्या पाठीवरच्या दोन इवल्या चकत्या मोडलेल्या होत्या. त्या मोडल्या की टेपवर नवीन काही भरता येत नाही. काकांनी त्या खळग्यांत कागदाचा बोळा घातला, वरून चिकटपट्टी लावली. मग पेन्सिल चाकात घालून फीत थोडी पुढे फिरवली. सुरुवातीची काही सेकंदं नुसती पारदर्शक पट्टी असते, म्हणाले, तिच्यावर आवाज उमटत नाही. तुमची पहिली हाकच जायची.

टेपरेकॉर्डर टीव्हीच्या आवाजाच्या जाळीसमोर, स्टुलावर. पंखा बंद. कुकर बंद. जोशांच्या आजोबांना खोकला आला तर त्यांनी गॅलरीत जावं. लाल आणि शेजारचं अशी दोन बटणं एकदम दाबायची, ती काका दाबणार. आणि सगळ्यांत मोठी अट: कुणीही ओरडायचं नाही. नाव आलं तरी नाही.

एवढी कठीण परीक्षा आम्ही नंतर दिली नाही. दादानं उशी तोंडात धरली. जोशांच्या मुलानं दोन्ही हात तोंडावर दाबले. मधे एकदा मला वाटलं माझे कान फुटणार. अंतरा गेला, नाव पुन्हा आलं, आम्ही गप्प. शेवटच्या हाकेला धाकटीचा बांध फुटला. त्या कॅसेटवर टोरांटोच्या गायकांच्या वरताण एक किंचाळी आहे, ती तिची.

ऐकून बघितलं तेव्हा आणखी एक गंमत कळली. धाकटीच्या किंचाळीनंतर एकदम सगळं खोल विहिरीत गेल्यासारखं झालं आणि हळूहळू वर आलं. काका म्हणाले, टेपरेकॉर्डरमध्ये आवाज आपोआप सावरणारी सोय आहे. मोठा आवाज आला की ती सगळंच खाली ओढते आणि मग शांतता मिळाली की सावकाश वर चढवते. म्हणून प्रत्येक आरोळीनंतर गाणं थोडं दबतं, बघा. खरंच तसं होतं. आमच्या कॅसेटवरचं गाणं प्रत्येक नावानंतर श्वास घेत होतं, आणि शेवटच्या दबल्या जागेत, आवाज वर येता येता, आजी कुणाला तरी म्हणताना ऐकू येते, झालं का एकदाचं?

ती कॅसेट इतकी वाजली की एके दिवशी फीत यंत्रात गुंडाळली गेली. असं होतं तेव्हा आधी आवाज गडगडतो, जाड होतो, मग थांबतो. अशा वेळी बटण दाबून कॅसेट ओढायची नाही. आम्ही आधी ओढली. तपकिरी फितीची लांबच लांब वेणी बाहेर आली. बरीचशी पेन्सिलीनं मागे घेता आली. पण एक तुकडा चुणीदार होऊन चोळामोळा झाला होता, तीन बोटं लांब.

काकांनी शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर वर्तमानपत्र पसरलं. कॅसेटचे पाच स्क्रू काढून बशीत ठेवले. वरचं झाकण असं उचललं की आतले दोन छोटे रूळ आणि पत्र्याच्या पट्टीवरचा लोकरीचा तुकडा जागचा हलू नये. आम्हाला श्वास जपून घ्यायला सांगितला. चुणीचा तुकडा त्यांनी नव्या ब्लेडनं कापला, दोन्हीकडे तिरका. सरळ कापलं तर जोडावर टक् असा आवाज येतो, तिरकं कापलं तर एक आवाज उतरता उतरता दुसरा चढतो. मग दोन्ही टोकं एकमेकांवर न चढवता, टोकाला टोक लावून ठेवली आणि मागच्या बाजूनं चिकटपट्टीचा अगदी अरुंद तुकडा लावला. आवाजाच्या डोक्याला जी बाजू घासते तिथे पट्टी लागली तर ऐकू काही येणार नाही, म्हणाले, आणि कडेनं जास्त राहिली तर डिंक सुटून पुढच्या वेढ्याला चिकटेल. जास्तीची कड ब्लेडनं खरवडली. स्क्रू लावले. दादानं विचारलं, गेलं किती?

काकांनी हिशेब मांडला. कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर धावते. म्हणजे हे सबंध गाणं तीन मीटरांच्या आत बसलेलं आहे. आणि कापलेला तुकडा आहे साडेपाच सेंटिमीटर. सेकंदाहून थोडं अधिक गेलं.

आम्ही लावून बघितलं. गाणं सुरू झालं, पहिली हाक आली, स्पायडरमॅन, आणि लगेच पुढची ओळ. दुसरी हाक नव्हती. गेलेल्या साडेपाच सेंटिमीटरांत नेमकी तीच होती. धाकटी रडायलाच लागली. काकांनी बशीतून तो चुरगळलेला तुकडा उचलून तिच्या तळहातावर ठेवला. हे घे, म्हणाले, नाव इथे आहे, कुठे गेलं नाही. तिनं तो कंपासपेटीत ठेवला.

पण गाताना काय करायचं? दोन हाका तर मारायलाच हव्यात. मग आमच्या घरानं उपाय काढला. कॅसेट एक हाक मारायची, तेवढ्या जागेत आम्ही दोन मारायचो, दुप्पट वेगानं, एकमेकींना चिकटून, आणि धापा टाकत पुढच्या ओळीला पोचायचो. पहिले काही दिवस ओढाताण झाली. मग तीच चाल झाली. टीव्हीवरची मालिका पुढे बंद पडली, तिच्या जागी दुसऱ्या आल्या, आमच्याकडे उरली ती ही एक हाक कमी असलेली कॅसेट, आणि तिच्याबरोबर आमची दुप्पट हाक.

गाणं बाहेरच्या जगातही टिकून होतं, हे आम्हाला तुकड्यातुकड्यानं कळत गेलं. रमोन्स नावाच्या न्यूयॉर्कच्या रॉक मंडळींनी १९९५ साली ते खडखडाटात गायलं. २००२ साली स्पायडरमॅनचा मोठा सिनेमा आला, तेव्हा आम्ही चुलत-आते भावंडं ठरवून एकत्र गेलो, नोकरीला लागलेली, एकाचं लग्न झालेलं. सिनेमात रस्त्यावर गाणारा एक माणूस ते गाणं म्हणतो आणि आमच्या रांगेत सगळ्यांच्या पाठी ताठ झाल्या. सिनेमा संपला, नावं वर सरकू लागली, लोक चपला शोधत उठले, आणि अगदी शेवटी जुनं, १९६७ चं गाणं लागलं. आम्ही बसून राहिलो. पडदा रंगीत, आवाज चारी बाजूंनी, आणि पहिली हाक आल्याबरोबर आमच्या रांगेतून दोन हाका निघाल्या आणि आम्ही सेकंदभर आधी पुढच्या ओळीवर. झाडणारा माणूस झाडू धरून बघत राहिला. २०१७ च्या सिनेमात सुरुवातीलाच मोठ्या वाद्यवृंदानं ती चाल वाजवली, शब्दांशिवाय. तिथेही नाव आमच्या तोंडून बाहेर पडलंच.

वाडा पडून इमारत झाली. आत्याची पेटी तिच्या सुनेकडे आहे, चांगल्या स्थितीत. कॅसेट दादाकडे, वाजवायला यंत्र नाही. धाकटी मेलबर्नला असते.

मागच्या मे महिन्यात दादाच्या नातवाची मुंज झाली. रात्री जेवणं उरकल्यावर गच्चीत सतरंज्या टाकल्या, पत्ते निघाले, आणि बटूनं फोनवर हे गाणं लावलं, शब्द उमटत जातात तसलं. त्याला सगळं पाठ होतं. अंतरासुद्धा. आम्ही पन्नाशीपुढची पाच-सहा माणसं, व्हिडिओ कॉलवर धाकटी. पहिली हाक आली. आमच्या दोन गेल्या. धाकटीच्या दोन मेलबर्नहून थोड्या मागाहून आल्या. फोनमधली माणसं अजून दुसऱ्या हाकेवरच होती आणि आम्ही पुढे जाऊन थांबलो होतो.

बटूनं गाणं थांबवलं. तुम्ही सगळे चुकताय, म्हणाला, हाक सावकाश आहे, आणि दुसरी तिच्यानंतर आहे. काका खुर्चीत होते, आता ऐकायला कमी येतं त्यांना. दादानं त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं, पोरगं म्हणतंय आपण चुकतोय. काकांनी विचारलं, कितीनं? दादा म्हणाला, साडेपाच सेंटिमीटरनं. काका म्हणाले, मग बरोबर आहे, लाव पुन्हा.

त्यानं पुन्हा लावलं.